धडधड सुरू झाल्यानंतरची पंचवीस मिनिटं: चालायचं कसं, किती आणि कुठे थांबायचं

एखादा फोन येतो, कुणीतरी चार शब्द बोलतं, किंवा काहीच घडत नाही, नुसता मनात विचार येतो. तेवढ्याने छातीत धडधडायला लागतं, हातांना बारीक कंप सुटतो, तोंड कोरडं पडतं, पोटात गोळा येतो. आजूबाजूची माणसं म्हणतात, "शांत बस जरा, पाणी पी." तुम्ही बसता आणि बसल्यावर ते सगळं आणखीच जाणवायला लागतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे मान-पाठ दुखते म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं हेच असतं, असं पुढे कळतं. त्यांना मी जे शिकवते ते नव्याने सुरू करणाऱ्यासाठी इथे क्रमाने लिहिते आहे. या लेखात रोजच्या व्यायामाबद्दल फारसं काही नाही. भीतीचा असा झटका आल्यानंतरच्या साधारण पंचवीस मिनिटांत काय करायचं, हेच मुख्यतः आहे.

चालल्याने नेमकं काय होतं

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. धोका वाटला की मेंदू त्यांना नसांमार्फत निरोप धाडतो आणि त्या रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. लढा किंवा पळा, अशी ही तयारी असते. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये ती सविस्तर मांडली. हृदय जोरात चालतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, चरबीतून इंधन मोकळं होतं, स्नायू ताणून तयार राहतात आणि पचन मागे पडतं. ही सारी तयारी पायांनी आणि हातांनी काहीतरी करावं यासाठी असते. आपण मात्र खुर्चीत बसून असतो.

लोक म्हणतात, चालून ॲड्रेनलिन जाळायचं. बोलायला हे सोपं आहे, पण त्यावर विसंबलं की पुढच्या चुका होतात. ॲड्रेनलिन चालल्याने जळत नाही. यकृत, मूत्रपिंडं आणि इतर ठिकाणची विकरं ते मोडतात, आणि तेही फार पटकन. रक्तातलं ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं. मग धडधड अर्धा-अर्धा तास का टिकते? कारण एक डोस संपण्याआधी दुसरा सुटतो. धडधड जाणवते, तिची भीती वाटते, त्या भीतीने पुन्हा ग्रंथीला निरोप जातो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मूळ फोन विसरला तरी ते चालूच राहतं.

चालण्याची खरी मदत होते ती इथे. मोकळी झालेली साखर आणि चरबी पायांचे मोठे स्नायू वापरतात. ताणून बसलेले स्नायू आलटून-पालटून आकुंचन पावतात आणि सैल होतात. धडधडीला एक साधं कारण मिळतं. मी चालते आहे म्हणून हृदय जोरात चाललं आहे, हे मेंदूला पटायला सोपं जातं आणि पुढचा डोस सुटण्याचं निमित्त कमी होतं. पण जोरात पळालात तर पळण्यासाठी म्हणून शरीर स्वतःच आणखी ॲड्रेनलिन सोडतं. हलक्या चालण्यात ते थोडंच वाढतं, दमछाक होईल अशा श्रमात झपाट्याने वाढतं. म्हणून या वेळी व्यायाम हलकाच हवा. "जरा जोरात पळून ये, निघून जाईल" हा सल्ला काहींना लागू पडतो, पण ज्यांना धडधडीचीच भीती वाटते त्यांचं त्याने बिघडतं.

चपला घालण्याआधीचं एक मिनिट

उठण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, छातीत दुखतंय का? भीतीत छाती भरून येते, टोचल्यासारखंही होतं. पण दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं दुखणं, ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, सोबत गार घाम किंवा दम लागणं, किंवा चालायला लागल्यावर वाढून थांबल्यावर कमी होणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर चालू नका. बसा आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. घरी बसून ही भीती आहे की हृदय, हे ठरवत राहू नका. डॉक्टरांनाही त्यासाठी तपासण्या लागतात.

दुसरी गोष्ट मधुमेहाची आहे, आणि ती सर्रास विसरली जाते. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर घसरली, तरी हेच होतं: कंप, घाम, धडधड, घाबरल्यासारखं वाटणं. तेही ॲड्रेनलिनच असतं, साखर वर आणण्यासाठी सुटलेलं. अशा वेळी चालायला गेलात तर साखर आणखी खाली जाईल. आधी मोजा. ७० पेक्षा कमी असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि साखर नीट वर येईपर्यंत चालण्याचा विचार करू नका. मोजायची सोय नसेल तर साखर कमी झाली आहे असं धरूनच वागा.

तिसरं म्हणजे चक्कर. ओठांना किंवा बोटांना मुंग्या आणि डोकं हलकं, असं असेल तर बहुधा तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेत आहात. उभं राहवत नसेल तर आधी बसा, दोन्ही टाचा जमिनीवर दाबा, सोडा, असं दहा-बारा वेळा करा आणि मग हळूच उभे राहा. खरोखर शुद्ध हरपली असेल तर मात्र त्या दिवशी चालणं नको, डॉक्टरांना भेटा.

पहिली पाच मिनिटं मुद्दाम हळू

उठलात की पहिली पाच मिनिटं घरातून बाहेर पडून बेताने चालण्यात जाऊ द्या. पाय आपसूक भराभर पडतील, कारण शरीर पळायच्या तयारीत असतं. त्यांना तसं पडू देऊ नका. खांदे कानांकडे चढलेले असतात, ते खाली सोडा. मुठी वळलेल्या असतील तर उघडा आणि हात झुलू द्या. हात खिशात घालून किंवा फोन धरून चालल्याने शरीराचा वरचा भाग तसाच आवळलेला राहतो.

वाट सपाट आणि ओळखीची निवडा, म्हणजे कुठे वळायचं याचा विचार करावा लागणार नाही. मी साधारणपणे जायला बारा-तेरा आणि यायला बारा-तेरा मिनिटांची वाट आधीच ठरवून ठेवायला सांगते. घाबरलेल्या डोक्याला त्या क्षणी निर्णय घेता येत नाहीत.

मग पंधरा मिनिटं, बोलता येईल अशा वेगाने

पाच मिनिटांनंतर वेग थोडा वाढवा. किती? पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे. मिनिटाला साधारण १०० पावलं, म्हणजे दर तीन सेकंदांत पाच. उंची आणि वयाप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून पावलं मोजत बसण्यापेक्षा बोलून पाहणं जास्त भरवशाचं. हळू आवाजात एखादं वाक्य म्हणा. मध्येच तुटलं तर वेग कमी करा.

मनगटावरच्या घड्याळातले हृदयाचे ठोके या पंधरा मिनिटांत पाहू नका. भीतीमुळे आकडा आधीच वर असतो. तो पाहून पुन्हा भीती वाटते, आणि जे चक्र तोडायला निघालात तेच नव्याने सुरू होतं. रक्तदाब किंवा धडधडीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत तर तो आकडा श्रमाचा खरा अंदाजही देत नाही, कारण ती गोळी ठोके वाढू देत नाही.

श्वासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. घाबरल्यावर "खोल श्वास घे" असं सांगतात आणि माणूस छाती भरभरून श्वास ओढायला लागतो. बसल्या जागी शरीर फारसा कार्बन डायऑक्साइड तयार करत नसतं, आणि या मोठ्या श्वासांबरोबर तो गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. रक्तातली त्याची पातळी घसरली की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि उलट श्वास पुरत नाही असंच वाटायला लागतं. मग माणूस आणखी मोठा श्वास ओढतो. चालायला लागल्यावर स्नायू बसल्यापेक्षा सुमारे तिप्पट कार्बन डायऑक्साइड तयार करतात. म्हणजे तोच श्वास आता शरीराच्या गरजेशी जुळतो. मुंग्या कमी होतात, त्या चालल्यामुळे, श्वासावर काहीही न करता. म्हणून चालताना श्वास मुद्दाम खोल करू नका. नाकाने घ्या, तीन पावलं घेण्यात आणि चार पावलं सोडण्यात, इतकंच. ते जमवताना ओढाताण होत असेल तर मोजणं सोडून द्या, श्वास आपला आपण बसतो.

डोळे खाली जमिनीवर नकोत, दूर असू द्या. डोक्यात विचार येतच राहणार, त्यांना हाकलायला जाऊ नका. दिसेल ते मनात नाव घेऊन पाहा: दार, पायरी, झाड, सायकल. विचाराकडे गेलेलं लक्ष पुन्हा नावाकडे आणा. हे शंभर वेळा करावं लागलं तरी चालेल.

शेवटची पाच मिनिटं सोडायची नाहीत

बरं वाटलं की लोक तिथेच थांबतात किंवा घरी येऊन धपकन बसतात. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की रक्त क्षणभर पायांत साठतं, डोकं गरगरतं आणि हृदय ठोके वाढवून ते भरून काढतं. ज्याची भीती वाटत होती तीच धडधड परत येते. म्हणून शेवटची पाच मिनिटं पुन्हा बेताच्या चालीने. घरी आल्यावर दोन मिनिटं उभ्यानेच काहीतरी करा, मग बसा.

उतार लागला आहे हे ओळखायच्या खुणा बारीक असतात. जांभई येते. तोंडाला पाणी सुटतं. गार पडलेली बोटं कोमट होतात. पोटात गुरगुरतं, म्हणजे थांबलेलं पचन पुन्हा सुरू झालेलं असतं. काहींना अचानक रडू येतं, काहींना प्रचंड थकवा जाणवतो. त्याने घाबरू नका.

एका दुपारची गोष्ट

माझ्याकडे येणाऱ्या एका बाई, वय चाळिशीतलं. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी त्यांना फोन आला की एक रक्ततपासणी पुन्हा करावी लागेल, नमुना नीट नव्हता. कारण साधं होतं, पण त्यांनी ऐकलं ते "पुन्हा" एवढंच. हात थरथरायला लागले. दहापैकी किती भीती, असं मी त्यांना लिहून ठेवायला शिकवलं होतं. त्यांनी आठ लिहिलं. मधुमेह नव्हता, छातीत दुखत नव्हतं. पाच मिनिटांत त्या बाहेर पडल्या.

सहाव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की आपण जवळजवळ धावतो आहोत. पहिली हळू पाच मिनिटं त्यांनी गाळली होती. वाक्य बोलून पाहिलं तर दोन शब्दांवर तुटलं. तेवढ्यात "आता हार्ट अटॅक येणार" हा विचार आला आणि भीती नऊवर गेली. त्या थांबल्या नाहीत, फक्त वेग निम्म्यावर आणला आणि समोर दिसणाऱ्या खिडक्यांचे रंग मनात म्हणायला लागल्या. बाराव्या मिनिटाला पहिली जांभई आली. अठराव्या मिनिटाला बोटं कोमट वाटली. पुढची पाच-सात मिनिटं हळू चालत घर. दारात त्यांनी लिहिलं: चार.

आकडा शून्यावर आला नाही आणि तो येणारही नव्हता, कारण तपासणी बाकी होती. पाच वाजता पुन्हा लाट आली, या वेळी सहाची. ताणात ॲड्रेनलिनबरोबर कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरकही वाढतं. ते मागाहून चढतं आणि हळू उतरतं, म्हणून अशी मागची लाट येणं स्वाभाविक आहे. त्यांना वाटलं चालणं फुकट गेलं. या वेळी त्या बाहेर गेल्या नाहीत, स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलल्या, आणि नंतर तपासणीची वेळ फोनवर ठरवून टाकली. या दुसऱ्या गोष्टीने आकडा जास्त उतरला. चालण्याने हात स्थिर होतात, मग ज्याची काळजी आहे ते काम हातात घेता येतं. ते काम चालण्याने होत नाही.

बाहेर पडता येत नसेल तेव्हा

रात्री अडीचला जाग आली, बाहेर पाऊस आहे, किंवा कामाच्या जागेवरून उठता येत नाही. अशा वेळी पायांचे मोठे स्नायू जागच्या जागी वापरायचे. खुर्चीतून हात न टेकता उठा आणि हळू बसा, दहा वेळा. मग भिंतीवर तळहात टेकवून, पाय दोन पावलं मागे घेऊन, कोपरं वाकवत भिंतीकडे जा आणि परत या, दहा वेळा. मग टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं आणि हळू खाली येणं, वीस वेळा. मध्ये अर्धा मिनिट खोलीत चाला. अशा तीन फेऱ्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. जोर लावताना श्वास रोखू नका. रोखला की रक्तदाब क्षणभर चढतो आणि डोक्यात दाब जाणवतो. जोर लावताना श्वास सोडायचा.

रात्री हे सगळं निम्म्यानेच करा आणि दिवे मंद ठेवा. घाम येईपर्यंत केलंत तर धडधड जाईल पण झोपही जाईल. बैठकीत असाल तर टेबलाखाली टाचा जमिनीवर पाच सेकंद दाबून सोडणं कुणालाही दिसत नाही.

कुठे चुकतं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे येरझाऱ्या. फोन हातात, नजर खाली, त्याच चार पावलांत मागेपुढे, आणि डोक्यात तोच संवाद पुन्हा पुन्हा. पाय हलतात पण भीतीला सतत नवं खाद्य मिळत राहतं. वीस मिनिटांनी आकडा तेवढाच किंवा जास्त असेल तर स्वतःला विचारा, मी काय पाहिलं? एकही गोष्ट आठवत नसेल तर ते चालणं झालंच नाही, काळजी करणं झालं.

दुसरी चूक उशिरा लक्षात येते. प्रत्येक वेळी धडधड झाली की माणूस उठून बाहेर जातो. बैठक अर्धी सोडतो, रांग सोडतो, जेवताना उठतो. मेंदू यातून शिकतो की ती जागाच धोक्याची होती आणि सुटलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तिथे जाण्याआधीच धडधड सुरू होते. म्हणून माझा नियम असा आहे की एखाद्या जागेवरून उठून चालायला गेलात तर चालून झाल्यावर त्याच जागी परत या आणि निदान दहा मिनिटं थांबा.

यावर चांगला उपाय म्हणजे शांत दिवशीही चालणं. काहीही झालेलं नसताना आठवड्यातून चार-पाच वेळा वीस मिनिटं चाला आणि त्यात एखादा लहान चढ किंवा दोन जिने घ्या. हृदय जोरात चालतं, घाम येतो, दम लागतो, आणि काहीही वाईट न होता सगळं दोन-चार मिनिटांत उतरतं. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीर अशा दिवशीच शिकतं. पहिल्या आठवड्यात चढावर भीती वाटली तर चढ लहान घ्या, टाळू मात्र नका. कॉफी घेऊन लगेच निघू नका. कॅफिनचा निम्मा अंश बाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात आणि त्याची धडधड वेगळी ओळखता येत नाही.

वहीत चार रकाने करा: तारीख, निघतानाचा आकडा, आल्यावरचा आकडा, आणि काय पाहिलं ते एका शब्दात. दोन आठवड्यांनी उघडून पाहा. बहुतेक वेळा आकडा दोन-तीनने उतरत असेल तर पद्धत लागू पडते आहे. आकडा उतरतो पण झटके दर आठवड्याला वाढत आहेत, जागा टाळल्या जात आहेत, किंवा काहीच कारण नसताना वजन उतरतंय, हात सतत थरथरतात आणि उकडतं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइड जास्त काम करत असेल किंवा रक्त कमी असेल, तरी धडधड अशीच असते आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. तपासण्या ठीक आल्या तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना तीच वही दाखवा. कोणत्या वेळी, कुठे आणि किती, हे त्यांना पहिल्याच भेटीत हवं असतं.